आधी बस्ते, मग सूची

आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेली मी पहिली. आई फुलचूरच्या घरी विडी वळायची, बाबा राइस मिलमध्ये पोती उचलायचे, आणि त्यांनी मला एकदाही विचारलं नाही की या शिक्षणाचं पुढे काय होणार. ज्यांच्यामुळे मी शिकले त्यांची एक यादी मी मनात ठेवली आहे. तिच्यात प्राथमिक शाळेतल्या बाई आहेत, कॉलेजात संगणकाची फी दोन हप्त्यांत घेणारे सर आहेत, आणि एक असे गृहस्थ आहेत ज्यांना संगणक सुरू कुठून करायचा हेही माहीत नव्हतं. हे लिहितेय ते त्यांच्यामुळे.

गोंदिया वेगळा जिल्हा होऊन दहा-अकरा वर्षं झाली असतील. मी एका सरकारी कार्यालयात संगणक कक्षात अकरा महिन्यांच्या कंत्राटावर होते. कक्ष म्हणजे रेकॉर्ड रूमच्या दारातलाच एक कोपरा. एक सर्व्हर, म्हणजे खरं तर जरा मोठा संगणक, एक प्रिंटर, वीस मिनिटं दम धरणारा यूपीएस आणि मी. पलीकडे लाल फडक्यात बांधलेल्या जुन्या कागदांच्या गठ्ठ्यांच्या, म्हणजे बस्त्यांच्या, रांगा, आणि त्या रांगांच्या तोंडाशी टेबल टाकून बसलेले बडे बाबू. ते रेकॉर्ड रूमचे जुने कारकून. गोंदियात सगळे त्यांना याच नावाने हाक मारत, मीही मारायची.

त्या वर्षी आठही तालुक्यांतून सीडी आल्या. त्यांत मागच्या काही वर्षांची आणि चालू हंगामाचीही पीक पाहणी होती. कोणत्या गावात, कोणत्या गटात, कोणत्या हंगामात कोणतं पीक किती क्षेत्रात उभं होतं, हे तलाठी शेतावर जाऊन लिहितो. त्याच नोंदी आधीच्या संगणकांतून काढून साध्या मजकुराच्या फाइलींत पाठवल्या होत्या. एका नोंदीची एक ओळ. सगळ्या मिळून चाळीस लाखांच्या आसपास ओळी. त्या आमच्या नव्या डेटाबेसमध्ये भरायच्या, म्हणजे पुढच्या सोमवारी खिडकी उघडली की शेतकऱ्याला तिथल्या तिथे सातबारा मिळेल. तो सोमवार मागे-पुढे होणार नव्हता. त्याच आठवड्यात धान खरेदी केंद्रं सुरू होत होती, आणि केंद्रावर धान घ्यायचं तर सातबाऱ्यावर धानाची नोंद लागायची.

साहेबांचा कल सगळ्या सीडी नागपूरला एका कंपनीकडे पाठवण्याकडे होता. तिकडून महिना लागला असता. बडे बाबू कसली तरी फाइल सहीला घेऊन आत गेले होते, ते तिथेच थांबले आणि म्हणाले, की साहेब, आपल्याकडे पोरगी आहे, ती करते. मला हे नंतर कळलं. तोवर साहेबांनी मान हलवली होती. बडे बाबूंनी माझं काम कधी पाहिलं नव्हतं. मी वेळेवर येते आणि बसल्या जागी मान खाली घालून असते, एवढंच त्यांनी पाहिलं होतं.

बुधवारी सकाळी दहाला मी सुरुवात केली. प्रोग्राम माझाच होता. फाइलीतली एक ओळ वाचायची, टेबलात घालायची, पक्की करायची, पुढची ओळ. कॉलेजात शंभर विद्यार्थ्यांच्या यादीवर असंच शिकवलं होतं आणि तिथे ते डोळ्याचं पातं लवेपर्यंत व्हायचं. पडद्यावर आकडा वाढत होता, मी समाधानाने बघत होते. अकराला लोडशेडिंग. मशीन नीट बंद केलं. दीडला वीज आली, पुन्हा सुरू केलं. पावणेसहाला शिपाई मेन स्विच बंद करून जायचा. पूर्वी कधीतरी तारा जळाल्या होत्या, तेव्हापासून तो नियम होता आणि त्याला अपवाद नव्हता. त्याने स्विचला हात घालण्याआधी मी आकडा पाहिला. तीन लाखांच्या आतच.

मी वहीच्या मागच्या पानावर भागाकार केला. तेरा दिवस, तेही वेग असाच राहिला तर. आणि तो राहत नव्हता. सकाळी सेकंदाला वीसेक ओळी जात होत्या, संध्याकाळी बारा.

घरी आईने विचारलं, "काय भरून राहिली तू त्या मशीनमधी?"

"शेतं," मी म्हटलं.

"भरली का मग?"

मी म्हटलं, कामठ्यापर्यंतही पोचले नाही. कामठ्याला माझा मामा असतो. त्याची एक एकर धानाची शेती आहे. आई एवढंच म्हणाली, की त्याचं धान कापून झालंय, तो सोमवारी येणार आहे.

गुरुवारी पहिली चूक सापडली. मी प्रत्येक ओळ वेगळी पक्की करत होते. पक्की करणं म्हणजे डेटाबेस ती ओळ खरोखर डिस्कवर उतरेपर्यंत थांबतो, म्हणजे वीज गेली तरी ती राहावी. हे चांगलंच आहे. पण चाळीस लाख वेळा थांबायचं कारण नव्हतं. मी पाच-पाच हजार ओळींचा गठ्ठा केला. गठ्ठा भरला की एकदाच पक्का. मध्ये वीज गेली तर फार तर शेवटचा अर्धवट गठ्ठा जाईल. शेवटचा पक्का गठ्ठा कितवा हे फाइलीत लिहून ठेवायचं, तिथून पुढे सुरू करायचं. आधीच्या ओळी पुसून पुन्हा आरंभ केला, आणि आकडा असा धावला की मी खुर्चीतून उठून उभी राहिले. पण चार वाजेपर्यंत तो पुन्हा रांगायला लागला. दहाएक लाख ओळी झाल्या होत्या आणि आता एका गठ्ठ्याला एवढा वेळ लागत होता की मी बस्त्यांवरची गावांची नावं वाचत बसले होते.

बडे बाबूंनी चहा मागवला होता. ते कप घेऊन माझ्या मागे येऊन उभे राहिले.

"काऊन थांबली तुझी मशीन?"

मी सांगितलं, थांबली नाही, दमली आहे. मग त्यांना समजेल असं सांगायचा प्रयत्न केला. टेबलाला पाच इंडेक्स होते. एक गावावर, एक गटावर, एक खातेदारावर, असे. म्हणजे ओळ एक, पण तिची नोंद पाच सूच्यांमध्ये, प्रत्येक सूचीत तिच्या क्रमाच्या जागी. सूच्या लहान असतात तोवर मेमरीत मावतात. मोठ्या झाल्या की प्रत्येक ओळीसाठी डिस्कवर पाच ठिकाणी जाऊन जागा शोधावी लागते.

ते हसायला लागले. मला वाटलं माझ्या समजावण्याला हसताहेत. मग त्यांनी खुर्ची ओढली आणि जिल्हा वेगळा झाला तेव्हाची गोष्ट सांगितली. भंडाऱ्याहून ट्रक भरभरून बस्ते आले होते. त्या वेळी इथे एक नवे कारकून होते, फार शिस्तीचे. ते ट्रकच्या दाराशी रजिस्टर घेऊन बसले. बस्ता उतरला की गाव वाचायचं, रॅकवर त्या गावाची जागा शोधायची, तिथले बस्ते सरकवून हा घालायचा, मग रजिस्टरात दोन ओळींच्या मध्ये बारीक अक्षरात नोंद करायची. दुपारपर्यंत रजिस्टर असं झालं की वाचणाऱ्याला चष्मा लागावा, आणि ट्रकवाला शिव्या द्यायला लागला.

"मग?" मी विचारलं.

"मग का. मी म्हटलं, बाप्पा, आधी बस्ते उतरव. पूर्ण ट्रक खाली कर, पडू दे खोलीत ढीग. सगळं आलं की एकदाच गाववार लाव, अन् मग सूची लिही. एकदाच. कोरी करकरीत." त्यांनी चहा संपवला. "तुझी मशीन त्या शिस्तीच्या बाबूसारखी करून राहिली."

"ते बाबू कोण होते?"

"मीच होतो," ते म्हणाले. "सांगितलं ते ट्रकवाल्याने."

इंडेक्स नंतरही बांधता येतो हे मी पुस्तकात वाचलं होतं. परीक्षेत लिहिलंही होतं. पण ते वाक्य आणि माझ्यासमोरचा हा रांगणारा आकडा यांची गाठ तोवर पडली नव्हती. सगळ्या ओळी समोर असल्या की डेटाबेस त्या एकदा क्रमाने लावतो आणि सूची पहिल्यापासून शेवटपर्यंत सरळ लिहून काढतो. मध्ये घुसवाघुसवी नाही, सरकवासरकवी नाही.

घरी जाताना मी डेटाबेसच्या माहितीपुस्तिकेची काही पानं छापून नेली. ती इंग्रजीत होती आणि मला इंग्रजी एकेक वाक्य दोनदा वाचल्यावर कळतं, पण कळतं. त्यांत एक कॉपी नावाची आज्ञा होती. फाइल कुठे आहे आणि कोणत्या टेबलात घालायची एवढं सांगायचं. मग तो ओळीओळीला वेगळी विनंती घेत नाही, फाइल उघडतो आणि सलग ओतून घेतो. माझा एवढा मेहनतीने लिहिलेला प्रोग्राम मध्ये लागतच नव्हता.

शुक्रवारी सकाळी मी टेबल रिकामं केलं, पाचही इंडेक्स काढून टाकले आणि पहिल्या तालुक्याची फाइल कॉपीला दिली. अर्ध्या मिनिटाच्या आत ती थांबली. पडद्यावर पावणेदोन लाखांच्या पुढच्या कुठल्याशा ओळीचा क्रमांक, क्षेत्राचा रकाना, आणि तिथे आकड्याऐवजी सापडलेला शब्द: निरंक. टेबलात पाहिलं तर शून्य ओळी. कॉपीचं हे असं असतं. पूर्ण जाते किंवा काहीच जात नाही. एका शब्दासाठी आधीच्या सगळ्या ओळी तिने परत केल्या होत्या. माझा प्रोग्राम असल्या शब्दाचं मुकाट शून्य करत होता, म्हणून तो तोवर दिसला नव्हता.

सरकारी कागद पाहिलेल्या कुणालाही हा शब्द ओळखीचा आहे. आमच्याकडे रकाना रिकामा ठेवायचा नाही, अशी शिकवणच असते. रिकाम्या जागेत मागून कुणी काहीही लिहील. म्हणून जिथे काही नाही तिथे निरंक लिहायचं. तलाठ्यांनी ते वहीत लिहिलं आणि सीडी बनवणाऱ्यांनी तसंच टाइप केलं.

मी ती ओळ दुरुस्त केली. पुढे तीनशे ओळींवर दुसरी. तेव्हा समजलं की ही एक-दोन नाहीत. लोडशेडिंगच्या अडीच तासांत मी कागदावर वेगळी रीत आखली. एक कच्चं टेबल करायचं. त्यातले सगळे रकाने नुसत्या मजकुराचे, आकड्याचा हट्ट नाही, इंडेक्स नाही, कसलीही अट नाही. फाइलीत जे असेल ते जसंच्या तसं त्यात ओतायचं. मग त्यातून तपासून, बदलून, तालुकावार एकेक भाग पक्क्या टेबलात न्यायचा. इंडेक्स सगळ्यात शेवटी.

दीडला वीज आली. पहिला तालुका मिनिटभरात गेला. मला खरं वाटेना, मी ओळी मोजल्या, फाइलीतल्याही मोजल्या. जुळल्या. दुसरा, तिसरा. तीनच्या आत चाळीस लाख ओळी कच्च्या टेबलात होत्या. त्यांतला बराच वेळ ओतण्यात नाही, सीडी काढण्या-घालण्यात आणि मोजण्यात गेला. एका तालुक्याने एक गाव दोन फाइलींत पाठवलं होतं, तेही या मोजणीतच सापडलं आणि मी एक प्रत बाजूला काढली. तसंच राहिलं असतं तर शेवटी, एका गटाची एका हंगामातली नोंद एकदाच असावी ही अट लावताना, डेटाबेसनेच अडवलं असतं. मग कच्च्यातून पक्क्यात. आकडा असेल तर आकडा, आणि जे आकडा नाही त्याला शून्य, असं मी सांगितलं. क्षेत्र शून्य असेल तर सातबाऱ्यावर निरंक छापून येईल, तीही सोय केली. मग इंडेक्स बांधायला त्याला जास्त मेमरी दिली आणि पाचही एकामागून एक बांधले. वीस मिनिटंही लागली नाहीत. शिपाई मेन स्विचकडे निघाला तेव्हा मी मशीन बंद करून, पिशवी खांद्याला लावून तयार होते. तो म्हणाला, मॅडम, आज तुम्हीच माझी वाट पाहून राहिल्या.

शनिवारी कार्यालय सुरू होतं. साहेब दुपारी पाहायला येणार होते. सकाळी मी कौतुकाने बडे बाबूंना सांगितलं, कोणतंही गाव सांगा. त्यांनी कामठा म्हटलं, मग एक गट क्रमांक. बोट ठेवताक्षणी उतारा पडद्यावर आला. मी प्रिंट काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो खिडकीच्या उजेडात धरला, चष्मा वर-खाली केला.

"हे निरंक कोणं लिहिलं?"

मी म्हटलं, तलाठ्याने.

"नाही." त्यांनी मला रॅककडे नेलं, गेल्या आठवड्यातच तालुक्याहून आलेली कामठ्याची वही काढली आणि पान उघडलं. त्या गटापुढे क्षेत्राचा रकाना कोरा होता. त्याच पानावर इतर गटांपुढे चार-पाच निरंक होते, पण हा कोरा होता. "निरंक म्हणजे तलाठी गेला, त्यानं पाहिलं, अन् पीक नव्हतं. मोकळं म्हणजे तो गेलाच नाही अजून. बाकी आहे. शिसपेनीनं खूण करून ठेवते तो." खूण होती. "तू न गेलेल्या माणसाले गेला म्हणून लिहिलं, पोरी. अन् पिकलेल्या धानाले नाही म्हणून लिहिलं."

जे आकडा नाही त्याला शून्य, हे मी एका ओळीत लिहिलं होतं आणि लिहून झाल्यावर मला बरं वाटलं होतं. खरेदी केंद्रावर सातबाऱ्यावर निरंक दिसलं की माणूस परत पाठवतात. कोरा असला तर पाहणी बाकी म्हणून तलाठ्याला निरोप जातो, तो येऊन पाहून जातो. मी कच्च्या टेबलात कोरे रकाने मोजले. काही हजार होते. काही हजार शेतांवरचं धान मी शुक्रवारी दुपारी, हसत हसत, पुसलं होतं.

बडे बाबूंनी विचारलं, की मग आता पुन्हा सगळे ट्रक बोलवायचे का.

तेव्हा मला त्या कच्च्या टेबलाची खरी किंमत कळली. बस्ते खोलीतच होते. सीडीवर जे होतं ते अक्षर न बदलता तिथे पडलेलं होतं, निरंक म्हणून निरंक आणि कोरं म्हणून कोरं. "नाही," मी म्हटलं. "सूची फाडायची, बस्ते पुन्हा लावायचे. बस."

दहा वाजून गेले होते, अकराला वीज जाणार होती. पक्क्या टेबलातल्या ओळी जागच्या जागी बदलत बसणं हा रस्ता नव्हता. पाच इंडेक्स सांभाळत त्या बदलायच्या म्हणजे पुन्हा बुधवारच उजाडला असता, आणि शून्यांतलं खरं शून्य कोणतं हे तिथून कळलंही नसतं. मी इंडेक्स काढले, पक्कं टेबल एका आज्ञेत रिकामं केलं आणि त्यात एक रकाना वाढवला: पाहणी झाली की नाही. निरंक असेल तर क्षेत्र शून्य, पाहणी झाली. कोरं असेल तर क्षेत्रही कोरंच, पाहणी बाकी. आणि तिसरं काही निघालं तर ते शून्य करायचं नाही, बाजूला काढून मला दाखवायचं. ही शेवटची ओळ लिहायला मी सगळ्यात जास्त वेळ घेतला. मग तालुकावार भरायला लावलं. अकरा वाजता पाच तालुके पक्के झाले होते. सहावा मध्यावर असताना वीज गेली. यूपीएस चूं चूं करू लागला. सहावा पूर्ण झाला, पक्का झाला, आणि मी मशीन बंद केलं. सातवा सुरू करायचा मोह झाला होता. बडे बाबू म्हणाले, की दीड वाजताही सूर्य इथेच असते, अर्धा दिवस बाकी राहते.

दीडला उरलेले दोन तालुके, मग पाच इंडेक्स. बाजूला निघालेल्या ओळी दोनशेच्या आसपास होत्या. कुणी आडवी रेघ टाइप केली होती, कुणी 'वरीलप्रमाणे'. त्या मी आणि बडे बाबूंनी वह्या काढून एकेक करून भरल्या. ते वाचायचे, मी टाइप करायची. साहेब साडेचारला आले तेव्हा शेवटच्या वीस उरल्या होत्या. त्यांनी दोन-तीन गट स्वतः टाकून पाहिले, उतारे वाचले आणि मला विचारलं, "मॅडम, नागपूरवाले महिना म्हणत होते. तुम्ही किती दिवसांत केलं?"

मी म्हटलं, चार. त्यांतले दोन चुकण्यात गेले.

सोमवारी खिडकी वेळेवर उघडली. रांग होती, पण ती पुढे सरकत होती, आणि आमच्या कार्यालयात सरकणारी रांग मी पहिल्यांदाच पाहत होते. अकराच्या आधी जास्तीत जास्त उतारे निघावेत म्हणून मी प्रिंटरजवळच उभी होते. मामा बारावा की तेरावा आला. त्याने गट क्रमांक सांगितला आणि मला ओळखूनही दाखवलं नाही, खिडकीवर सगळे सारखे म्हणून असेल. उतारा निघाला. क्षेत्राच्या जागी छापलं होतं: पाहणी बाकी. मी त्याला सांगितलं, की तलाठ्याकडे यादी गेली आहे, दोन-तीन दिवसांत ते येतील, मग परत ये.

त्याने कागद उलटसुलट पाहिला. "काऊन वं, एवढ्या एका वाक्यासाठी तू हप्ताभर अशी सुकून गेली?"

मागे बडे बाबू बस्ता बांधत होते. ते म्हणाले, "त्या वाक्याच्या जागी दुसरं वाक्य होतं. ते पाहिलं असतं तर तू सुकला असता."

मामाला ते कळलं नाही, आणि मीही तेव्हा सांगितलं नाही. गुरुवारी तो पुन्हा आला. या वेळी रकान्यात धान होतं आणि पुढे त्याचं एक एकर, म्हणजे चाळीस आर. कागद घडी करून त्याने शर्टाच्या वरच्या खिशात ठेवला आणि केंद्रावर जायला निघाला. जाताना त्याने खिडकीवर शेंगदाण्याची पुडी ठेवली. ती मी आणि बडे बाबूंनी अकरा ते दीडच्या अंधारात, बस्त्यांना टेकून बसून संपवली.